सर्टिफिकेट खरं असलं तरी कंपनी आज चालू आहे का?

प्रश्न: आमची शेतकरी उत्पादक कंपनी दारव्हा तालुक्यात आहे. पुण्याची एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आमची ३०० क्विंटल तूर घ्यायला तयार आहे. भाव बाजारापेक्षा दीडशे रुपये जास्त देतात, पण पैसे माल उचलल्यावर ४५ दिवसांनी. त्यांच्या माणसानं व्हॉट्सअपवर इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट, जीएसटी नंबर आणि कराराचा मसुदा पाठवला आहे. सर्टिफिकेटवर अशोकस्तंभ, रजिस्ट्रारची सही, सगळं दिसतं. आमचे बाकीचे संचालक म्हणतात, सरकारी कागद आहे, करून टाकू सही. भाऊ, एवढ्यावर सही करावी काय? नाही तर अजून काय पाहावं?

उत्तर:

एवढ्यावर सही करू नका. दोन-तीन दिवस मागून घ्या, तूर कुठं पळून जात नाही.

सर्टिफिकेट बनावट असेल अशी शंका मला नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रकरणांत ते बहुतेक वेळा खरंच निघतं. पण ते फक्त एका दिवसाबद्दल बोलतं: अमुक तारखेला, अमुक नावानं ही कंपनी नोंदली गेली. त्यानंतर कंपनीनं दरवर्षीचे हिशेब भरले का, पत्ता बदलला का, संचालक तेच आहेत का, आणि मुख्य म्हणजे कंपनी आज नोंदीवर आहे का, यातलं काहीही त्या कागदावर कधी उमटत नाही. गेल्या काही वर्षांतलं सर्टिफिकेट असेल तर खालच्या बारीक अक्षरांतला इंग्रजी मजकूर कुणाकडून तरी वाचून घ्या. त्यात सरकारच सांगतं की हे प्रमाणपत्र म्हणजे धंद्याचा परवाना नाही, लोकांकडून पैसे गोळा करण्याची परवानगी नाही, आणि कंपनीची सद्यस्थिती मंत्रालयाच्या वेबसाइटवर तपासावी. म्हणजे ज्या कागदावर तुमचे संचालक विसंबून आहेत, तोच कागद तुम्हाला दुसरीकडे जाऊन पाहायला सांगतो.

कायद्यातलं एक कलम तुमच्या संचालकांना वाचून दाखवा. कंपनी कायदा २०१३ च्या कलम २४८ खाली रजिस्ट्रार एखाद्या कंपनीचं नाव नोंदवहीतून काढू शकतो. लागोपाठ दोन आर्थिक वर्षं धंदाच केला नाही आणि निष्क्रिय कंपनीचा दर्जाही मागितला नाही, हे त्याचं एक नेहमीचं कारण. नाव काढल्याची नोटीस राजपत्रात आली की कलम २५० लागू होतं: त्या तारखेपासून कंपनीचं काम थांबतं आणि तिचं इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट रद्द झालं असं मानलं जातं. जुनी येणी वसूल करणं आणि जुनी देणी फेडणं, एवढ्यापुरतीच ती उरते. २०१७ मध्ये सरकारनं अशी मोहीमच काढली होती आणि दोन लाखांहून जास्त कंपन्यांची नावं काढली गेली. त्या सगळ्यांची सर्टिफिकेटं आजही कुणाच्या ना कुणाच्या कपाटात, मोबाइलमध्ये आहेत. नाव काढल्यावर कागद परत मागायला कुणी येत नाही आणि त्यावर 'रद्द' असा शिक्काही बसत नाही.

आता करायचं काय, ते सांगतो. सर्टिफिकेटवर २१ अक्षरांचा एक नंबर आहे, त्याला सीआयएन म्हणतात. पुढच्या सगळ्या तपासणीची किल्ली तीच. त्याची रचना अशी असते (हा नमुना आहे, कुठल्या खऱ्या कंपनीचा नंबर नाही):

```
U 00000 MH 2018 PTC 000000
```

मी मध्ये जागा सोडली ती फक्त वाचायला सोपं जावं म्हणून. प्रत्यक्षात सगळं सलग असतं. पहिलं अक्षर U म्हणजे शेअर बाजारात नोंद नसलेली कंपनी, L असेल तर नोंद असलेली. पुढचे पाच आकडे धंद्याच्या प्रकाराचे, मग राज्य, मग नोंदणीचं वर्ष, मग कंपनीचा प्रकार आणि शेवटचे सहा आकडे नोंदणी क्रमांक. PTC म्हणजे प्रायव्हेट कंपनी. सर्टिफिकेटवरची नोंदणीची तारीख २०१८ ची आणि नंबरातलं वर्ष २०१४ असं दिसलं, किंवा कंपनी पुण्याची आणि राज्याच्या जागी भलतंच काही, तर तिथेच थांबून विचारा. दरवेळी लबाडीच असते असं नाही, कारण कंपनी दुसऱ्या राज्यात हलली किंवा तिचा प्रकार बदलला तर नंबरही बदलतो. पण मग त्या बदलाचा वेगळा कागद त्यांच्याकडे असतो आणि तो मागता येतो. धंद्याच्या पाच आकड्यांवरून मात्र फार अर्थ काढू नका.

सर्टिफिकेटच्या वयावरूनही थोडं कळतं. २०१६ पासून नव्या कंपन्यांची नोंदणी मानेसरच्या केंद्रीय नोंदणी केंद्रातून होते आणि सर्टिफिकेटवर कंपनीचा पॅन छापायला लागले ते २०१७ पासून. त्यामुळे २०१४ च्या तारखेच्या सर्टिफिकेटवर पॅन दिसला तर मी नक्की थबकेन. सही डिजिटल असते, म्हणून फोटो किंवा रंगीत झेरॉक्स न घेता मूळ पीडीएफ फाइल मागा. फाइल उघडल्यावर सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह आलं तर लगेच घाबरू नका. तुमच्या संगणकावर त्या सहीची खातरजमा झालेली नाही, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो.

पण सर्टिफिकेट निरखण्यात फार वेळ घालवू नका. खरी तपासणी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या `mca.gov.in` या वेबसाइटवर होते. तिथे कंपनीची मुख्य माहिती दाखवणारी `View Company/LLP Master Data` ही सोय आहे. लॉगिन मागितलं तर खातं फुकट उघडता येतं. साइट कधी कधी अडकते. तालुक्याच्या गावी नेटला रेंज नसेल तर सीएससी केंद्रावर जा, पण करताना शेजारी बसून पाहा. आणि शोधताना नावानं शोधू नका, सर्टिफिकेटवरचा सीआयएन जसाच्या तसा टाका. हा मुद्दा किती महत्त्वाचा आहे ते पुढच्या प्रकरणात कळेल.

पान उघडलं की आधी `Company Status` ही ओळ शोधा. `Active` असेल तर पुढे वाचायचं. `Strike Off` असेल तर त्या नावानं करार नाही, विषय संपला. या दोन्हींच्या मधली एक अवस्था असते, नाव काढण्याची प्रक्रिया चालू असल्याची, म्हणजे `Under Process of Striking Off`. ती दिसली तर उधारीवर एक पोतंही देऊ नका. तुमचे आधीचे पैसे अशा कंपनीकडे अडकले असतील तर मात्र हातावर हात ठेवून बसू नका. जाहीर नोटीस निघाल्यावर हरकत घ्यायला ३० दिवस मिळतात. त्या मुदतीत रजिस्ट्रारकडे बिलांच्या प्रती जोडून लेखी हरकत नोंदवा. दिवाळखोरीची प्रक्रिया किंवा लिक्विडेशन चालू असेल तर तेही याच ओळीत दिसतं. तशा कंपनीच्या वतीनं सही करण्याचा अधिकारच संचालकांकडे उरलेला नसण्याची शक्यता असते.

यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका गटाचं प्रकरण सांगतो. नावं, गावं सांगत नाही. हरभऱ्याचा व्यवहार होता, २०० क्विंटल, उधारी एक महिन्याची. सर्टिफिकेट २०१४ चं, मुंबईच्या रजिस्ट्रारचं, अगदी खरं. सीआयएन टाकला तर शेवटच्या ताळेबंदाची तारीख ३१ मार्च २०१५ आणि स्थिती `Strike Off`. गटाच्या अध्यक्षांनी खरेदीदाराच्या माणसाला फोन केला, तर तो म्हणाला, "वेबसाइट जुनी माहिती दाखवते हो," आणि पाचच मिनिटांत एक स्क्रीनशॉट पाठवला. त्यात ठळक अक्षरांत `Active`. अध्यक्ष खूश झाले. मी म्हटलं, त्या चित्रातला सीआयएन वाचा. राज्याच्या जागी GJ होतं आणि वर्ष २०१९. नावही नीट पाहिलं तर सर्टिफिकेटवर 'अ‍ॅग्री' आणि स्क्रीनशॉटमध्ये 'अ‍ॅग्रो'. बाकी नाव सारखंच. ती गुजरातमधली वेगळीच कंपनी होती आणि या माणसाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. तिचे संचालक वेगळे, पत्ता वेगळा. नावानं शोधलं असतं तर आपल्यालाही बहुधा तीच सापडली असती आणि आपण समाधानानं सही केली असती.

मग जीएसटी नंबर पाहिला. हा नंबर १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. त्यानंतरची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यक्तीचा किंवा संस्थेचा पॅनच असतो. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी नंबरातलं सहावं, मालक कोण प्रकारचा ते सांगतं: C असेल तर कंपनी, F असेल तर भागीदारी किंवा एलएलपी, P असेल तर एकटा माणूस. इथे P होतं. जीएसटीच्या वेबसाइटवर करदात्याचा शोध लॉगिनशिवाय घेता येतो. तिथे कायदेशीर नावाच्या जागी एका गृहस्थाचं नाव होतं आणि व्यापारी नावाच्या जागी कंपनीचंच नाव, फक्त 'प्रायव्हेट लिमिटेड' गळलेलं.

म्हणजे एकाच नावाखाली तिघं जण उभे होते: नोंदीतून काढलेली एक कंपनी, गुजरातची एक परकी कंपनी आणि एका गृहस्थाचा वैयक्तिक व्यापार. करार पहिलीच्या नावानं व्हायचा होता, भरवसा दुसरीच्या स्थितीवर ठेवायचा होता आणि बिलं फाडली जाणार होती तिसऱ्याच्या नावानं. पैसे थकले असते तर वकिलाचा पहिला प्रश्न असता, दावा कुणावर लावायचा? नोंदीतून काढलेल्या कंपनीला पुन्हा नोंदीवर आणायला कलम २५२ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जावं लागतं, आपल्यासाठी ते मुंबईचं खंडपीठ. कायदा धनकोला त्यासाठी २० वर्षांची मुदत देतो, पण अकरा-बारा लाखांच्या हरभऱ्यासाठी यवतमाळहून मुंबईच्या तारखा करणं कुणाला परवडतं? नाव काढलं तरी संचालकांची जबाबदारी संपत नाही, हेही कलम २४८ मध्ये आहे. पण कंपनी बंद झाल्यावर केलेल्या नव्या करारात ती कशी लागू होईल, यावर कोर्टात वर्षं जातात.

त्या गृहस्थाला गटानं सरळ विचारलं. त्यानं सांगितलं की कंपनी भावाबरोबर काढली होती, चालली नाही, हिशेब भरणं सोडून दिलं, आता तो एकट्यानं व्यापार करतो आणि जुनं लेटरहेड वापरतो. ते खरंही असेल. पण कंपनी नसताना नावापुढे 'प्रायव्हेट लिमिटेड' लावणं कलम ४५३ खाली दंडाचा विषय आहे, हे त्याला सांगितलं. शेवटी करार त्याच्या स्वतःच्या नावानं झाला. त्याच्या पॅनवर, आणि अट अशी की आरटीजीएसचे पैसे गटाच्या खात्यात दिसल्याशिवाय गाडी गोदामाबाहेर जाणार नाही. या अटीवर त्यानं २०० ऐवजी ६० क्विंटल उचलला. उरलेला माल गटानं बाजार समितीत नेला.

तुमच्या प्रकरणात म्हणूनच पहिला ताळा हा घाला: सर्टिफिकेटवरचा पॅन आणि जीएसटी नंबरातली मधली दहा अक्षरं एकमेकांखाली लिहा आणि एकेक अक्षर जुळवा. सर्टिफिकेट जुनं असेल आणि त्यावर पॅन नसेल तर कंपनीचं पॅन कार्ड मागा. जीएसटी नोंदणी चालू आहे, स्थगित आहे की रद्द, तेही त्याच पानावर दिसतं. मसुद्यात बँक खातं दिलं असेल तर रद्द केलेला एक चेक मागा आणि खात्याचं नावही त्याच कंपनीचं आहे का पाहा. ही सगळी नावं एकाच कंपनीची निघाली तरच पुढे चला.

समजा, स्थिती `Active` निघाली. तरी काम अर्धंच झालं. तुम्ही ४५ दिवसांची उधारी देताय, बावीस-तेवीस लाखांच्या मालावर. त्यामुळे त्याच पानावरच्या तीन गोष्टी अजून वाचा.

एक, शेवटच्या ताळेबंदाची आणि शेवटच्या वार्षिक सभेची तारीख. मार्चअखेरच्या हिशेबाची वार्षिक सभा साधारण सप्टेंबरअखेर व्हावी लागते आणि तिथून ३० दिवसांत ताळेबंद, ६० दिवसांत वार्षिक विवरणपत्र भरायचं असतं. म्हणजे तुम्ही जानेवारीत तूर विकत असाल तर मागच्या मार्चचा ताळेबंद तिथे दिसायला हवा. एखाद वर्ष मागे असेल तर कारण विचारा. दोन-तीन वर्षांचं काहीच भरलेलं नसेल तर आज `Active` लिहिलेलं असलं तरी ती कंपनी नाव निघण्याच्या वाटेवर आहे असं समजा. लागोपाठ तीन वर्षं हिशेब भरले नाहीत तर संचालकही अपात्र ठरतात.

दोन, भरलेलं भांडवल. अधिकृत भांडवल आणि भरलेलं भांडवल हे दोन वेगळे आकडे असतात. अधिकृत भांडवल म्हणजे फक्त मर्यादा, तिथे मोठा आकडा पाहून हुरळू नका. भरलेलं भांडवल एक लाख आणि उधारी तेवीस लाखांची, हे चित्र आपल्याकडे नेहमी दिसतं. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण कंपनी बुडाली तर भागधारकांचं नुकसान साधारण एक लाखाचं आणि तुमचं तेवीस लाखांचं. प्रायव्हेट लिमिटेडमधल्या 'लिमिटेड'चा शेतकऱ्यासाठी असा अर्थ होतो.

तीन, बोज्यांची यादी. बँकेनं कंपनीला माल तारण ठेवून कर्ज दिलं असेल तर ते तिथे दिसतं. तुमची तूर एकदा त्यांच्या गोदामात गेली की तीही त्या तारणात जाऊ शकते आणि कंपनी अडचणीत आली तर बँक तुमच्या पुढे उभी असते. मालविक्री कायद्याप्रमाणे पैसे मिळेपर्यंत माल अडवून ठेवण्याचा तुमचा हक्क माल तुमच्या ताब्यात असेपर्यंतच टिकतो. गाडी गेली की तुम्ही विनातारण धनको. आणि दिवाळखोरी कायद्याचा धाक दाखवू म्हणाल, तर २०२० पासून त्यासाठी किमान एक कोटीची थकबाकी लागते. तेवीस लाखांसाठी तो दरवाजा बंद आहे, दिवाणी दावाच लावावा लागतो.

याच्या पुढे जायचं असेल तर त्याच वेबसाइटवर १०० रुपये भरून कंपनीनं दाखल केलेली कागदपत्रं पाहता येतात. त्यातला शेवटचा ताळेबंद उतरवून घ्या आणि जवळच्या सीएला दाखवा. विचारायचं एवढंच: वर्षाची विक्री किती आणि पुरवठादारांचं देणं किती. मागच्या पूर्ण वर्षात सहा लाखांची विक्री केलेली कंपनी तुमच्याकडून तेवीस लाखांची तूर उधार मागत असेल तर ते पैसे कुठून येणार, हे त्यांनाच विचारा. सर्टिफिकेटचीही प्रत तिथेच मिळते. व्हॉट्सअपवरच्या कागदाशी ती जुळवली की बनावटपणाची शंका तिथेच मिटते.

कंपनी अगदी नवी, चार-सहा महिन्यांची असेल तर ताळेबंद नसणारच. तिथे दुसरा कागद मागा. २ नोव्हेंबर २०१८ नंतर नोंदलेल्या, भागभांडवल असलेल्या कंपनीला धंदा सुरू करण्याआधी भागधारकांनी पैसे भरल्याचं घोषणापत्र द्यावं लागतं, १८० दिवसांच्या आत. त्या फॉर्मचं नाव `INC-20A`. ते भरल्याची पावती नसेल तर कायद्यानं त्या कंपनीला धंदा सुरूच करता येत नाही.

आता सही करणाऱ्या माणसाकडे वळू. तुमच्याकडे आलेला माणूस एरिया मॅनेजर, पर्चेस हेड, काहीही असेल. मुख्य माहितीच्या पानावर संचालकांची यादी असते, त्यात त्याचं नाव आहे का पाहा. नसेल तर त्याला हा करार करण्याचा अधिकार दिल्याचा संचालक मंडळाचा ठराव मागा. ठरावाच्या प्रतीवर यादीतल्या एखाद्या संचालकाची किंवा कंपनी सेक्रेटरीची सही असली पाहिजे. ठरावात त्या माणसाचं नाव, तुमच्या कंपनीचं नाव आणि व्यवहाराची मर्यादा हवी. 'आवश्यक ती सर्व कामे करण्यास अधिकार' असला ढोबळ ठराव मी तरी स्वीकारत नाही. खरी कंपनी ठराव द्यायला कुरकुर करत नाही, त्यांच्या बँकेलाही असेच ठराव द्यावे लागतात.

पत्त्याची खात्री करायला पुण्याला जायची गरज नाही. प्रत्येक कंपनीला पत्रं स्वीकारणारं नोंदणीकृत कार्यालय ठेवावंच लागतं. मुख्य माहितीच्या पानावरचा पत्ता उतरवून घ्या आणि तुमच्या कंपनीच्या लेटरहेडवर एक साधं पत्र स्पीड पोस्टनं पाठवा: आपल्याशी अमुक व्यवहाराची बोलणी चालू आहेत, आपल्या वतीनं अमुक गृहस्थ बोलत आहेत, हे बरोबर असल्याचं कळवावं. ट्रॅकिंगवर पोच दिसली आणि कंपनीकडून उत्तर आलं तर उत्तम. पत्र 'पत्त्यावर कुणी नाही' म्हणून परत आलं तर पाकीट न फोडता ठेवा. त्यांच्या लेटरहेडवरही नजर टाका, कारण कलम १२ प्रमाणे त्यावर नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, फोन आणि ईमेल छापणं बंधनकारक आहे. मसुद्यावरच्या लेटरहेडवर सीआयएनच नसेल तर तेही विचारण्यासारखं आहे.

एक गोष्ट जाता जाता. कंपनीची नोंदणी आणि शेतमाल खरेदीचा परवाना या वेगळ्या बाबी आहेत. बाजार समितीचा परवाना किंवा पणन संचालकांचा थेट पणन परवाना त्यांच्याकडे आहे का, ते वेगळं विचारा. आणि तुमच्या स्वतःच्या उत्पादक कंपनीचा सीआयएनही त्याच पानावर एकदा टाकून पाहा. आपल्या भागात बऱ्याच उत्पादक कंपन्यांचे हिशेब दोन-दोन वर्षं राहून गेले आहेत. तिकडचा जाणता खरेदीदारही तुमचं पान उघडूनच बसलेला असतो.

सगळं जुळलं तर कराराचा पहिला परिच्छेद तुम्ही स्वतः लिहून द्या, त्यांचा घेऊ नका. त्यात कंपनीचं नाव सर्टिफिकेटवरच्या स्पेलिंगनं जसंच्या तसं, सीआयएन, नोंदणीकृत पत्ता, पॅन, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा, संचालक असेल तर त्याचा संचालक ओळख क्रमांक म्हणजे डीआयएन, नसेल तर ठरावाची तारीख. पुढे एक कलम टाका की बिल आणि पैसे याच कंपनीच्या जीएसटी नंबरावरून आणि याच नावाच्या बँक खात्यातून येतील. दुसऱ्या 'सिस्टर कंपनी'च्या नावानं बिल फाडा असा निरोप नंतर आला, तर या कलमावर बोट ठेवता येतं.

उधारीचं माझं मत विचाराल तर इतकं: या कंपनीशी तुमचा पहिलाच व्यवहार आहे, म्हणून ३०० क्विंटल एकदम देऊ नका. पहिली गाडी १०० क्विंटलची, पैसे गाडी भरताना. ते वेळेवर आले तर दुसऱ्या गाडीला आठ-दहा दिवसांची उधारी. क्विंटलमागे दीडशे रुपयांचा जास्तीचा भाव म्हणजे ३०० क्विंटलवर ४५ हजार रुपये. तेवढ्यासाठी तेवीस लाख ४५ दिवस अडकवायचे का, हे संचालक मंडळापुढे आकड्यांत मांडा.

मुख्य माहितीचं पान सहीच्या दिवशी सकाळी पुन्हा उघडा, आणि प्रत्येक गाडी भरायच्या आधीही. आज `Active` असलेली कंपनी महिन्याभरात नाव काढण्याच्या प्रक्रियेत गेलेली मी पाहिली आहे. दरवेळी प्रिंट काढा, तारीख-वेळ टाकून सही करा आणि कराराच्या फाइलला लावून ठेवा. सीआयएन टाकल्यावर पानावर काय दिसतं ते इथेच लिहा. बोज्यांची यादी आणि ताळेबंदाची तारीखही लिहा, म्हणजे मसुद्यातल्या पैशाच्या अटी कशा बदलून घ्यायच्या ते सांगता येईल.